दहाच्या आकड्यापासून मोजणारा मिस्त्री

मिस्त्रीच्या टेपचं तोंड कधीचंच तुटलेलं होतं. पहिले चार-पाच सेंटिमीटर कुठे गेले हे त्याला विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळायचं. कधी म्हणायचा कुत्र्याने खाल्ले, कधी म्हणायचा एका मंत्र्याच्या बंगल्याचा दरवाजा मोजताना लाजेने गळून पडले. खरं म्हणजे दारात चेंगरले होते. पण नवा टेप घेईल तर तो मिस्त्री कसला? तो शून्याऐवजी दहाच्या आकड्यापासून मोजायचा, जो आकडा येईल तो मोठ्याने ओरडायचा, आणि वही घेऊन बसलेली त्याची बायको त्यातून दहा वजा करून लिहायची. बावीस वर्षं हे असं चाललं होतं आणि बावीस वर्षांत एक खुंटीसुद्धा तिरकी लागली नव्हती.

हात सोन्याचा आणि जीभ रबराची, असा माणूस. काम उशिरा द्यायचं झालं की अशी कारणं काढायचा की ऐकणाऱ्याला रागवायचं सुचायचं नाही. एकदा एका डॉक्टरांना त्याने सांगितलं होतं, तुमच्या कपाटाचं लाकूड घेऊन येणाऱ्या ट्रकला वाळवी लागली, लाकूड खाल्लं, ट्रकची फळी खाल्ली, ड्रायव्हर उतरला म्हणून वाचला. डॉक्टर इतके हसले की त्यांनी आणखी पंधरा दिवस दिले. तेव्हापासून मिस्त्रीला वाटायला लागलं की उशीर ही काही वाईट गोष्ट नाही, फक्त ती नीट सांगता आली पाहिजे.

मग आल्या चष्मेवाल्या बाई. त्यांचं जुनं दुकान दहा तारखेला रिकामं करायचं होतं, तिथे न्हावी येणार होता. नवं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, आणि तिथे भिंतभर साठ खणांचं कपाट मिस्त्रीने आठ तारखेला लावून द्यायचं, असं ठरलं. बाईंकडे चष्म्यांच्या फ्रेमा ठेवायचे साठ ट्रे होते, सगळे एकसारखे. प्रत्येक खणात एक ट्रे सरकून बसला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

मापं घ्यायला मिस्त्री आणि त्याची बायको दोघं गेली. बाई शेजारीच उभ्या. बाकी मापं झाली, ट्रेची लांबी तेवढी राहिली होती. त्यांनी तो बोडका टेप बघितला आणि विचारलं, "मिस्त्री, हे असलं मोजमाप चालतं का हो?"

झालं, मिस्त्रीला चेव आला. म्हणाला, ताई, माझ्या डोक्यातच टेप आहे, हा नुसता हातात असावा म्हणून. आणि बाईंना दाखवायला म्हणून त्या शेवटच्या मापातून त्याने मनातल्या मनात स्वतःच दहा वजा केले आणि उरलेला आकडा ओरडला. लांबी मोजली, पन्नास आली, ओरडला चाळीस. बायको कोपऱ्यात वहीत मान घालून बसलेली. तिने बावीस वर्षांच्या सवयीने चाळिसातून दहा वजा केले आणि लिहिलं, तीस.

एक तारखेला साठच्या साठ खण तयार होते. इतके गुळगुळीत, की माशी बसली तर घसरावी. मिस्त्रीने बाईंकडून नमुन्याला एक ट्रे मागवून घेतला होता, तो ऐटीत पहिल्या खणात सरकवला. ट्रे अर्धी वीत बाहेर राहिला. जीभ काढून दाखवावी तसा. मिस्त्रीने दुसऱ्या खणात घातला, तिसऱ्यात घातला. नवव्या खणाशी बायको म्हणाली, "अहो, पुरे. साठही तसेच असणार."

दोघांनी वही उघडली. कुणाचं चुकलं हे कळायला फार वेळ लागला नाही. बायको वही मिटून भुसा झाडायला लागली, आणि तेच वाईट. ती भांडली असती तर मिस्त्रीला निदान तिच्यावर चिडता तरी आलं असतं. लांब झालेली फळी कापता येते, आखूड झालेली कुठल्याही कारागिराला ओढून वाढवता येत नाही. खण, चौकटी, बाजूच्या फळ्या, सगळं नव्याने करावं लागणार होतं.

त्याच दिवशी बाईंना सांगायला हवं होतं. बायको म्हणालीही. पण मिस्त्री म्हणाला, उद्या जातो. दोन तारखेला त्याच्या पोटात दुखलं. तीन तारखेला खरंच दुखलं. चार तारखेला तो दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेला, काचेतून बाई दिसल्या, खोकी भरत होत्या, आणि तो चप्पल तुटल्यासारखं करून मागे फिरला. एवढी वर्षं थापा मारल्या, पण आज एकही सुचेना. ट्रकला वाळवी लागून झाली होती. गोदामाला पूर येऊन झाला होता. सासरे तीनदा वारले होते आणि तिन्ही वेळा ते स्वतः वर्कशॉपमध्ये बसून चहा पीत होते.

पाच तारखेला सकाळी बायकोने वही पुढे ठेवली. "नवी तारीख काढा आधी, मग जा."

मिस्त्रीने बोटांवर मोजलं. लाकूड यायला दोन दिवस, कापणी आणि जोडणी आठ, मग पॉलिश आणि ते वाळायला चार, लावायला एक. म्हणजे आज धरून एकोणीस-वीस तारीख होते. "पंधरा सांगतो," तो म्हणाला. "वीस ऐकून त्यांना धक्का बसेल."

"वीस म्हणजे वीस सांगा," बायको म्हणाली. "एकदा वजा केलंत तेवढं पुरे झालं."

मिस्त्री दुकानात शिरला. बाई त्याला बघून हसल्या, म्हणाल्या, अरे वा, तीन दिवस आधीच? तो तिथेच स्टुलावर बसला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. टेप, दहा, वजा, परत वजा. म्हणाला, चूक माझी, बायकोची नाही. वीस तारखेला काम पूर्ण होईल, त्याआधी नाही. ताई, माफ करा.

बाईंनी ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "एक तारखेला."

"एक तारखेला." बाईंनी हातातली फ्रेम खाली ठेवली. "एक तारखेला सांगितलं असतं तर न्हाव्याला मी थांबवलं असतं. त्याने काल आरसे आणि खुर्च्या मागवल्या, आता तो थांबायचा नाही. मिस्त्री, चूक मी माफ केली असती हो. हे चार दिवस कुठून भरून देणार?"

मिस्त्रीने तिथल्या भरलेल्या खोक्यांकडे बघितलं. म्हणाला, ताई, माझी पुढची खोली कोरडी आहे, मोठी आहे. तुमची खोकी वीस तारखेपर्यंत तिथे ठेवा. गिऱ्हाईक तिथेच येईल, मी बाजूला होतो.

बाईंनी विचार केला आणि हो म्हणाल्या. पण एक अट घातली. जुन्या दुकानाच्या दाराला पाटी लावायची, आणि ती मिस्त्रीने स्वतःच्या हाताने लिहायची. म्हणाल्या, गिऱ्हाइकांना चष्मे दहा तारखेनंतर नव्या दुकानात देईन असं मी सांगून बसले आहे, त्यांना कुणीतरी कळवायला नको का?

मिस्त्रीने कागद घेतला आणि लिहिलं, अपरिहार्य कारणामुळे दुकान उघडण्यास विलंब होत आहे. बाईंनी वाचलं आणि अपरिहार्य शब्दावर रेघ मारली. "टळण्यासारखं नव्हतं का?" 'तांत्रिक अडचणीमुळे' लिहिलं, त्यावरही रेघ. तिसऱ्या कागदावर मिस्त्रीने एकदाचं खरं लिहिलं:

"नव्या दुकानाचं कपाट मी चुकीच्या मापाने केलं. ही चूक मला एक तारखेला कळली आणि मी पाच तारखेला सांगितली. नवं दुकान वीस तारखेला उघडेल. तोवर चष्मे माझ्या घरी मिळतील. बाईंची आणि तुम्हा सगळ्यांची माफी मागतो. सुतार मिस्त्री." खाली घराचा पत्ता.

पुढचे पंधरा दिवस मिस्त्रीच्या घराला गावजत्रेची कळा आली. अर्ध्या गावाचे डोळे अधू, आणि ते सगळे डोळे पाटी वाचून त्याच्याच दारात. जो तो चष्मा नाकावर चढवून आधी मिस्त्रीकडेच नीट बघायचा. डॉक्टरसुद्धा आले. म्हणाले, अहो, वाळवी वगैरे काही नाही का या वेळी? मिस्त्री मान हलवायचा आणि मागच्या वर्कशॉपमध्ये जायचा. रंधा मारताना त्याला पुढच्या खोलीतलं हसणं ऐकू यायचं. बायकोने एकदा विचारलं, सांगा की काहीतरी, लोक एवढे मागे लागलेत. तो म्हणाला, काही येतच नाही गं आता.

मापं मात्र या वेळी नव्या टेपने घेतली. शून्यापासून. मिस्त्रीने आकडा सांगायचा, बायकोने लिहायचा, लिहिलेला परत वाचून दाखवायचा आणि मग मिस्त्रीने पुन्हा मोजायचं. सतरा तारखेला पॉलिश झालं. अठराला मिस्त्रीला वाटलं, वरवर वाळलंय, आजच नेऊन लावू, बाईंना दोन दिवस आधी दाखवू. बायकोने बोट टेकवून दाखवलं, बोटाचा ठसा उमटला. त्याने कपाट परत वाळायला ठेवलं.

वीस तारखेला दुपारी साठ ट्रे साठ खणांत आवाज न करता सरकले. बाईंनी एकेक ओढून बघितला, शेवटचा आत सरकवला आणि म्हणाल्या, ठीक आहे. हसल्या नाहीत, आणि मिस्त्रीलाही तशी आशा नव्हती. म्हणाल्या, त्या दारावरची पाटी तेवढी काढून आणा.

जुन्या दुकानात न्हाव्याच्या खुर्च्या लागल्या होत्या. दाराच्या काचेवर पाटी अजून होती आणि तिच्यापुढे एक आजोबा नाक टेकवून उभे होते. मिस्त्रीची चाहूल लागली तसे म्हणाले, "बाबा रे, वाचून दाखव जरा. माझा चष्मा इथेच दुरुस्तीला दिलाय, त्यामुळे काय लिहिलंय ते कळेना."

मिस्त्री पाटीसमोर उभा राहिला. आजोबांना काही दिसत नव्हतं. न्हावी आत पाठमोरा होता. आणि इतक्या दिवसांनी मिस्त्रीच्या जिभेवर एक थाप आपोआप येऊन बसली. चांगली थाप होती, बाईंच्या दुकानात माकडं शिरली आणि सगळे चष्मे घालून झाडावर बसली. आजोबा हसले असते, घरी जाऊन सुनेला सांगितलं असतं.

त्याने घसा खाकरला आणि पाटी पहिल्यापासून वाचली. कपाट चुकीच्या मापाने केलं. एक तारखेला कळलं. पाच तारखेला सांगितलं. वीस तारीख. माफी.

"कोण हा मिस्त्री?" आजोबांनी विचारलं.

"मीच."

आजोबांनी डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं. दिसलं काहीच नसावं. "आज वीस ना रे?"

"हो."

"मग झालं का काम?"

"झालं," मिस्त्री म्हणाला. त्याने पाटी सोडवली, घडी घालून खिशात ठेवली आणि आजोबांचा हात धरला. "चला, पायरी आहे इथे. दोनच गल्ल्या आहेत, मी पोचवतो."