पाच जुड्यांची झोप

पाणी.

दिलं. भागी दोन घोट प्यायली, उरलेलं गोधडीवर सांडलं. गोधडी पालटली.

गोष्ट.

एक वांगं होतं. ते काही केल्या टोपलीत बसेना. माळीणबाई त्याला म्हणाली,

"माय, पाणी."

पुन्हा दिलं. या वेळी गुळाचा खडा टाकून दिलं. गोड पाणी पिऊन माझ्याजवळ निजेल, असं वाटलं. ती उठून बसली आणि म्हणाली, "अजून गूळ."

मिठी. झाली. दुसऱ्या बाजूची राहिली म्हणाली. तीही झाली. वांग्याची गोष्ट पहिल्यापासून. एक वांगं होतं. मग शू. मग बाहेर बैल झोपला का ते पाहायचं होतं. बैल झोपला होता.

चंपत, माझा नवरा, भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच बोलला, "बैल निजला, मी निजून राह्यलो, तुयी लेक काहून निजत नाई?"

"तुमाले काय जाते पडल्या पडल्या बोलाले."

"वयनीजवळ तर पोरगी घडीभरात निजते."

हे वाक्य त्याने म्हणायला नको होतं.

*

वयनी म्हणजे माझी मोठी जाऊ, गोजराबाई. एक घर, मधे एक भिंत, पुढे ओसरी दोघींची. मळ्यातली मेथी संध्याकाळी उपटून आणायची, ओसरीवर कंदिलाच्या उजेडात अंबाडीच्या वाखाने, सालीच्या दोऱ्याने, तिच्या जुड्या बांधायच्या, सकाळी पाणी शिंपडून बाजाराला न्यायच्या. आठवड्यातले दोन बाजार माझ्याकडे, एक केनवडचा, एक रिसोडचा. त्या दिवशी मला परतायला दिवेलागण उलटते. भागीला जेवू घालणं, निजवणं गोजराबाईकडे. मी येते तेव्हा भागी तिच्या खोलीत गाढ झोपलेली असते. केस विंचरलेले. गोधडी कोरडी.

मी उचलून आणते. झोपेत पोर म्हणते, "मोठी माय."

भागी अडीच वर्षांची. मला माय म्हणते, तिला मोठी माय. सगळ्याच घरांत चुलतीला असंच म्हणतात. पण मोठी कशाने? भागी माझ्या पोटची. गोजराबाईच्या दोघी लेकी नांदायला गेल्या, मांडी रिकामी झाली, म्हणून माझी हवी का?

माझ्याजवळ पोर निजत नाही. मी नाही म्हणत नाही, तरी निजत नाही. नाही म्हटलं तर ती भिंतीपलीकडे जाईल, अशी मला भीती होती.

मला एक शंका आली. वाईट होती. मी ती सोडली नाही.

*

"अफू," मी चंपतला म्हटलं. "बाई पोरीले अफू चाटवत असतीन."

रोजाला जाणाऱ्या काही बाया तान्ह्या पोरांना अफूची बारीक गोळी देऊन झोळीत टाकायच्या, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

चंपत उठून बसला. "वयनीच्या तोंडावर म्हणशीन हे?"

"पाहून म्हणीन."

*

केनवडचा बाजार. त्या दिवशी मी उरलेली मेथी शेजारच्या रुपाबाईच्या ढिगावर टाकली आणि गावच्या हेमसिंगच्या बैलगाडीत बसून लवकर निघाले. घरात पुढून शिरले नाही. गोजराबाईच्या खोलीच्या मागच्या दाराच्या फटीला डोळा लावला.

गोजराबाईने भागीचे पाय धुतले, पुसले. तांब्यातून पाणी पाजलं. मग वाटीत घोटभर पाणी ओतून उशाशी ठेवलं. "हे तुयं रातचं पानी. तहान लागली त हात लावायचा. आता तांब्या निजला."

अफू नव्हती. मी डोळा फटीला आणखी दाबला.

"चिमणीची गोष्ट सांगू का उंदराची?"

"दोन."

"एकच. कोनची ते तू सांग."

भागीने उंदीर मागितला. इवलीशी गोष्ट होती. संपली. भागी म्हणाली, पुन्हा. गोजराबाई म्हणाली, "उंदीर बिळात गेला. उद्या निंगते." मिठी घेतली, घट्ट, घाई न करता. आणि उठली.

भागी रडायला लागली. तिच्याजवळही रडते, हे पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

"मी ओसरीवर हावो. पाच जुड्या बांधतो आन तुले पाह्यले येतो."

दाराबाहेरच बसली. वाख ओढल्याचा आवाज. एक. दोन. भागीचा आवाज चढला. गोजराबाई रागावली नाही, हाकही मारली नाही. पाचवी जुडी ठेवली आणि खरंच उठून आत गेली. डोक्यावर हात ठेवला. "आली का नाई मी? आता निज. अजून पाच बांधतो." परत बाहेर.

तेव्हा भागी हुंदक्यात म्हणाली, "मले माय पायजे."

माझा हात कडीवर गेला.

"माय बजारातून येऊन राह्यली," गोजराबाई बाहेरून म्हणाली, नेहमीचं उत्तर द्यावं तशी. "तू निजली तरी येते. तुयी पापी घेते, तुले उचलून नेते. दर बजाराले नेते का नाई?"

"नेते," भागी म्हणाली.

दर बाजाराला? म्हणजे माझी पोर दर वेळी माझं नाव घेऊन निजत होती आणि ही मला कधी बोलली नव्हती. मला राग आला. आत जावं, पोर काढून घ्यावी, जिंकावं.

पण मी आत गेले असते तर उद्यापासून बाजाराच्या प्रत्येक दिवशी भागी दाराकडे पाहत जागी राहिली असती. रडलं की माय येते, हे तिला मीच शिकवलं असतं. गोजराबाई तिसऱ्यांदा उठून आत गेली तोवर आवाज थांबला होता.

मी कडीवरून हात काढला आणि वळसा घालून पुढच्या दाराने आले.

"लवकर आली आज," गोजराबाई म्हणाली.

"मेथी खपली," मी म्हटलं.

*

दुसऱ्या दिवशी निजवायची पाळी माझी. मेथीचा एक भारा मी माझ्या दारापाशी ओढून घेतला. गोजराबाईने पाहिलं.

पाय धुतले. पाणी आधीच पाजलं, बिनगुळाचं. वाटी उशाशी.

"गूळ."

"गूळ सकाळी भाकरीसंगं. वांग्याची गोष्ट सांगू का टोपलीची?"

ती एकच गोष्ट होती, पण भागीला निवडायला आवडलं. वांग्याची.

एक वांगं होतं. ते टोपलीत बसेना. माळीणबाई म्हणाली, बस, मी इथंच हावो. मग ते बसलं. संपली. इतकी लहान गोष्ट मला दोन महिन्यांत संपवता आली नव्हती.

मिठी. उठले. भागीने जोर लावून रडं काढलं. गोजराबाईजवळ रडायची त्याच्या दुप्पट, कारण मी आजवर प्रत्येक हाकेला वळले होते.

"पाच जुड्या बांधून येतो," मी म्हटलं. माझा आवाज तिच्यासारखा शांत नव्हता.

पहिल्या पाच. गेले, हात ठेवला, आले. दुसऱ्या पाच. तिसऱ्या पाचांत भागी ओरडली, "मोठी माय पायजे!"

ओसरीच्या त्या टोकाला वाखाचा आवाज बंद पडला.

गोजराबाई उठायला गेली. पदर सावरला. माझ्याकडे पाहिलं. तिला जायचं होतं, दिसत होतं. काल मी कडीला हात लावून उभी होते, तशीच.

मी मान हलवली. ती खाली बसली. वाख हातात घेतला, पण कितीतरी वेळ बांधला नाही.

"मोठी माय हाये ओसरीवर," मी भागीला म्हटलं. "मीबी हावो. तू निज."

चौथ्या पाचांना आत गेले तेव्हा भागीचा हात वाटीत होता. झोपली होती. मी बोटं पुसली.

बाहेर आले तर गोजराबाईने हळूच विचारलं, "निजली?"

"कव्हाची."

 माझ्या वीस जुड्या तिने आपल्याकडे ओढल्या, एकेक सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"ढिल्या बांधल्या तू," म्हणाली.

मी बसून पाहत राहिले. एकही ढिली नव्हती.