पंचाहत्तर किलोच्या आत

माझ्या भावाला, सारंगला, मी किडनी देणार होते. रक्तगट जुळला, तपासण्या झाल्या, आणि घोडं अडलं ते माझ्या वजनावर. बीएमआय तीसच्या खाली हवा, असं सिडनीच्या ट्रान्सप्लांटवाल्यांनी सांगितलं. माझ्या उंचीला म्हणजे पंचाहत्तर किलो. मी होते एक्याऐंशी. बारा आठवड्यांची मुदत मिळाली. तेवढ्यात जमलं तर सारंगचं डायलिसिस टळण्याची आशा होती, कारण त्याची किडनी आता जेमतेम दहा टक्के चालत होती.

सहा किलो काय, मी म्हटलं, चुटकीसरशी उतरवीन. मी चित्रलेखा, वय सत्तेचाळीस, कॅनबेराच्या सरकारी ऑफिसात वीस वर्षं फायली मार्गी लावणारी बाई. मला वजन म्हणजे किस झाड की पत्ती!

आमच्या गुंगालिन भागातल्या नुपूर नावाच्या आहारतज्ज्ञ मुलीने पहिल्याच दिवशी माझा माज उतरवला. मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं, की मी वडा-समोसा सोडला, आता फक्त बदाम, अक्रोड, जवस, खोबरं, फिश ऑइल.

"किती?" तिने विचारलं.

"मूठभर. दिवसातून दोन-तीनदा."

"ताई, सगळे हेल्दी फॅट्स आहेत, मान्य. पण एका ग्रॅमला नऊ कॅलरीज, मग ते बदामाचं असो की वड्याचं. तुमच्या तीन मुठी म्हणजे साडेपाचशे. रोज जेवढ्या कमी खायच्या, ते तुमचं अख्खं डेफिसिट तिथेच संपलं."

तिने दिवसाला पंधराशे कॅलरीज लिहून दिल्या आणि त्यात फॅट पन्नास ग्रॅमपर्यंत. फॅट पार बंद करायचं नाही, म्हणाली, शरीराला ते लागतं. तीन छोटे चमचे तेल, वीस ग्रॅम बदाम-अक्रोड, एक मोठा चमचा कुटलेलं जवस. ओलं खोबरं एकच चमचा, कारण त्यातलं फॅट बरंचसं सॅच्युरेटेड. उरलेलं दूध, अंडी, डाळ, मासे यांतून. फिश ऑइलच्या दोन कॅप्सूल डॉक्टरांना विचारून चालतील. त्यांच्या जेमतेम वीस कॅलरीज, पण त्यांनी चरबी जळते वगैरे समजू नका. मी घरी येऊन वीस ग्रॅम बदाम-अक्रोड काट्यावर तोलले. बशीच्या कोपऱ्यात मावले. रडूच आलं मला.

तेव्हा माझा नवरा मोहन पुढे आला. म्हणाला, "किचन माझ्यावर सोड. मी वर्क फ्रॉम होमच करतोय. तू फक्त खा आणि चाल." सारंगसमोर, व्हिडिओ कॉलवर म्हणाला हे. सारंगचे डोळे भरले. "मोहनदादा, तुमचे उपकार कसे फेडू?" तर हा म्हणतो, "अरे, नो वरीज."

आणि त्याने खरोखर केलं. रोज रात्री ज्वारीच्या दोन भाकऱ्या, भाजी, फ्लॉवरचं सूप. भाकऱ्या कडेला फुटायच्या. नवशिका हात, मी म्हटलं. सूप इतकं दाट आणि छान, की मैत्रिणींना मी नवऱ्याचं कौतुक सांगत सुटले. तो पदार्थांची वजनं सांगायचा, मी फोनमध्ये भरायचे. फोनमध्ये सगळं चोख.

काट्यावर मात्र नाही. आठ आठवड्यांनी एकोणऐंशी पूर्णांक नऊ. नुपूर माझ्या फोनमधल्या नोंदी चाळत म्हणाली, "काही वेळा आपल्याकडून नकळत लिहायचं राहतं, ताई."

"मी खोटं बोलत नाही!" मी तिच्यावर ओरडले. बाहेरच्या बाकावरची माणसं बघायला लागली. मला भयंकर लाज वाटली आणि राग आला, आणि सगळ्यात जास्त राग आला माझ्या या मख्ख शरीराचा. त्या रात्री मी मोहनच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू जिवापाड करतेयस. आता देवाच्या मनात नसेल तर काय करणार?"

पुढच्याच आठवड्यात ट्रेनिंगसाठी मेलबर्नला जावं लागलं. क्लेटनला माझी भाची स्पृहा राहते, तिच्याकडे उतरले. तिच्या फ्लॅटमध्ये काटा होता, म्हणून मी स्वतःच तोलून-मापून साधं वरण, भात, उकडलेली अंडी खाल्ली. पाच दिवसांनी वजन नऊशे ग्रॅम उतरलेलं. थोडं पाणी असेल, नुपूरने फोनवर सांगितलं, पण सगळं नाही. मग हळूच म्हणाली, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

मला तिचा प्रश्न आवडला नाही. विमानात मी तो झटकत राहिले.

घरी आले तेव्हा मोहन भाजी आणायला गेला होता. मी ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला आणि मूठभर पीठ दाबलं. ज्वारीचं पीठ मूठ उघडली की भुरभुरतं. हे गोळा होऊन तसंच राहिलं, आणि बोटांना तेल लागलं. चव घेतली. बदाम. मग मी पिवळ्या झाकणाच्या रीसायकलिंग बिनमध्ये हात घातला. वर्तमानपत्रांखाली काजूच्या वाटणाच्या तीन बरण्या होत्या, स्वच्छ धुतलेल्या. धुतलेल्या! चोर तरी किती टापटिपीचा!

मोहन दारात पिशव्या घेऊन उभा राहिला, तेव्हा मी ते सगळं टेबलावर मांडून बसले होते.

"किती?" मी विचारलं.

त्याने पिशव्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, "पिठात तिसरा हिस्सा बदाम. सूपमध्ये दोन-तीन चमचे काजू. भाजीत एक मोठा चमचा तेल जास्त." मी फोनवर हिशेब केला. रोजच्या सव्वाचारशे-साडेचारशे कॅलरीज.

"मी तुला काही वाईट नाही घातलं गं," तो म्हणाला. "सगळं चांगलंच. बदाम, काजू."

"मोहन, तू नाही म्हणायचं होतंस. माझ्या तोंडावर म्हणायचं होतंस. मी भांडले असते, रडले असते, पण मला कळलं असतं."

"तू ऐकलं असतंस? तुला टेबलावर झोपवून कापणार. काही झालं तर? मी त्याच्यासाठी तुला नाही घालवू शकत. भीती वाटते मला."

त्याची भीती खरी होती, हे मला दिसत होतं, आणि म्हणूनच माझा संताप आणखी वाढला. माझ्या पाठीवरून हात फिरवताना त्याला सगळं माहीत होतं. मी स्वतःच्या शरीराला शिव्या देत होते आणि हा ऐकत होता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सूप ढवळत होता.

त्या दिवसापासून माझं मी रांधलं. उरलेल्या तीन आठवड्यांत जीव तोडला, पण तपासणीच्या दिवशी अठ्ठ्याहत्तरच्या खाली काटा उतरला नाही. पुढची तारीख तीन महिन्यांनी. सारंगला इतकं थांबता येणार नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात डायलिसिस सुरू करायचं ठरलं.

संध्याकाळी त्याला सिडनीत, वेंटवर्थव्हिलच्या घरी फोन लावला. मोहन समोरच्या खुर्चीत बसला होता, पांढराफटक. खरं सांगायचं मी ठरवलं होतं. पण सांगितलं असतं, तर सारंग त्या माणसाच्या घरी पुन्हा पाऊल टाकणार नव्हता, आणि माझी किडनी तर मुळीच घेणार नव्हता. पुढच्या तीन महिन्यांसाठी मला त्याचा होकार हवा होता.

"माझंच चुकलं रे," मी म्हटलं. "चोरून खात होते. काजू, बदाम. मूठ-मूठ."

मला वाटलं तो म्हणेल, ताई, तू? शक्यच नाही.

"मला वाटलंच होतं," सारंग समजुतीने म्हणाला. "जाऊ दे गं. मोहनदादांनी तर एवढं केलं तुझ्यासाठी."