चौथे पेर

अकरा वाजून दहा मिनिटांनी तपासनीस सातवीच्या वर्गात आले आणि मागच्या बाकावर बसले. अकरा पंचवीसला त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे बरोबर उत्तर आले. तिथूनच सगळे बिघडले.

मराठीच्या बाईंचे नोकरीतले हे पहिले वर्ष. त्यांना कायम करायचे की निरोप द्यायचा, हे याच तासाच्या अहवालावर ठरणार होते. सकाळीच मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना दारात गाठून बजावले होते, "तपासणी चालू असताना तोंड बंद, हात स्थिर. मागच्या वर्षी गणिताच्या सरांनी खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं कपाट रिकामं झालं. ऐकलंय ना?"

बाईंनी ऐकले होते. आता ते कपाट त्यांचेच होते.

विभक्तीचा तक्ता मुलांच्या डोक्यात काही केल्या राहत नव्हता, म्हणून बाईंनी आठ ओळींचे गाणे रचले होते. एका विभक्तीला एक ओळ, आणि एका ओळीला बोटाचे एक पेर. तर्जनीपासून करंगळीपर्यंत, प्रत्येक बोटाची खालची दोन पेरे. अंगठा पेरावर टेकवायचा आणि ओळ म्हणायची:

द्वितीया घेई स, ला, ना, ते. कर्म कोणते तेच सांगते.
तृतीया आणी ने, नी, शी. साधन असते तिच्यापाशी.
चतुर्थी पुन्हा स, ला, ना, ते; दान कुणाला, दाखवते.

पंधरा दिवस वर्ग हेच म्हणत होता. बाई फळ्यापाशी उभ्या राहून स्वतःच्या हातावर अंगठा फिरवत, आणि अडतीस अंगठे त्यांच्यामागे फिरत.

तपासनीसांनी बोट दाखवले ते नेमके टाचणीकडे. अंगाने काडी आणि आवाज त्याहून बारीक, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिले होते.

"'मी बहिणीला वही दिली.' बहिणीला. विभक्ती कोणती?"

टाचणी उभी राहिली. ओठ हलले. अंगठा दुसऱ्या पेरावर थांबला, कारण 'ला' तिथेही होता. मग तो पुढे सरकला.

"चतुर्थी," ती म्हणाली. "वही बहिणीला मिळाली. दान."

"शाब्बास. हातात काय आहे?"

टाचणीने मूठ आवळली.

"उघड."

मूठ रिकामी होती. तपासनीसांनी मान वळवली आणि बाईंच्या उजव्या हाताकडे पाहिले. बाईंनीही पाहिले. त्यांचा अंगठा मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर, म्हणजे चौथ्यावर, टेकलेला होता.

"ही खूण कसली, बाई?"

"खूण नाही, सर. सवय आहे. गाणं आहे त्यांचं…"

"तुमचा अंगठा आधी हलला की तिचा?"

तिचाच आधी, असे म्हणायचे बाईंच्या ओठांवर आले होते. पण त्यांना खरेच माहीत नव्हते. टाचणी दुसऱ्या पेरावर अडखळली तेव्हा आपला जीव वरखाली झाला होता, एवढेच आठवत होते.

"सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

तपासनीसांनी वहीत काहीतरी लिहिले. मागून कुणीतरी पुटपुटले, "मेलो!" पण कुणी हसले नाही.

"ही मुलगी माझ्याबरोबर मुख्याध्यापिकांच्या खोलीत येईल. तिथे तुम्ही नसाल. आठही विभक्ती, उदाहरणांसकट. येत असतील तर प्रश्नच मिटला."

टाचणी दारापर्यंत गेली आणि वळली. "बाई, विसरले तर?"

"पहिल्यापासून धर," बाई म्हणाल्या. तेवढेही बोलायला नको होते, हे त्यांना तपासनीसांच्या भुवईवरून कळले.

मोठ्या बाईंच्या खोलीचे दार लागले. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. हात कुणाला दिसू नयेत म्हणून त्यांनी ते मांड्यांखाली दाबून धरले. शिपाईमामांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि हळूच म्हणाले, "पोरगी चिवट आहे हो." बाईंना पेल्यासाठी हात बाहेर काढवेना.

दारापलीकडून बारीक आवाज येत होता. प्रथमा सुरळीत गेली. द्वितीया, तृतीया. चतुर्थीला आवाज थोडा चढला.

पंचमी निघते ऊन, हून. सुटले कोठून, घे जाणून.

"उदाहरण?" तपासनीसांचा आवाज.

"गावाहून पत्र आलं."

"पुढे. आणि हात टेबलावर. पालथे."

पालथ्या हातांवर अंगठा पेरांपर्यंत पोचत नाही, हे बाईंना बाहेर बसूनही दिसत होते. मांडीखाली त्यांचा अंगठा सहाव्या पेराशी गेला. त्यांनी तो मागे ओढला.

षष्ठी जोडी चा, ची, चे. नाते सांगे दोघांचे.

आवाज कापत होता, पण ओळ पुरी आली. मग उदाहरण आले, "बाईंचा हात." त्यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मोठ्या बाई काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत.

अकरा वाजून बावन्न मिनिटे झाली आहेत. दार बंद आहे. सातवी ओळ अजून ऐकू आलेली नाही.