आभाराची ओळ

बलभीम सरांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि कंप्रेसरचा आवाज निम्म्यावर आला. परंड्याच्या त्या दूध शीतकेंद्रात दार लावून बोलण्यासारखं वर्षातून एकदाच काही असायचं. मंजुषाला ते ठाऊक होतं. सकाळचं दूध टाकीत गेलं होतं, टँकर अजून यायचा होता, आणि बाहेर तिचा सहकारी रणधीर मुद्दाम पाण्याचा पाइप घेऊन फरशी धूत बसला होता. धुतलेलीच फरशी.

सरांनी चहा मागवला. लॅपटॉप उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मंजुषा समजून चुकली. चांगली बातमी असती तर हा माणूस चहाची वाटही न बघता बोलला असता.

कंपनीत मार्च संपला की प्रत्येकाच्या वर्षाच्या कामाला एक ते पाचमधला आकडा मिळायचा. तीन म्हणजे अपेक्षेप्रमाणे. चार म्हणजे अपेक्षेहून सरस. मंजुषाचं सगळं गणित चारवर अडलं होतं. माकणीच्या शीतकेंद्राला यंदा नवा प्रमुख नेमायचा होता. ती बढतीची जागा, आणि बढतीला चार लागायचे. माकणीपासून सास्तूर जवळ. सास्तूरला तिची आई सिताबाई दोन म्हशींबरोबर एकटी राहत होती. हिवाळ्यात मंजुषाचे वडील, धुळाप्पा, वारले तेव्हापासून.

"तीन आलेत, मंजुषाताई," सर म्हणाले.

मंजुषाने मान हलवली. टेबलावर दुधाच्या नमुन्याची रिकामी बाटली होती, तिचं झाकण तिने घट्ट लावलं, जरी ते आधीच लागलेलं होतं.

मग सरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. आकड्याखाली सुधारणेचा मुद्दा म्हणून एक चौकट होती आणि ती रिकामी सोडली तर पुढचं पान उघडत नसे. त्यात लिहिलं होतं : संवादकौशल्यावर अधिक काम करावे.

ते वाचून मंजुषाला हसूच फुटलं. वर्षभर ती दूध कंपनीकडे वळवायला परंड्याजवळच्या एका वाडीत जाऊन बसत होती. त्या वाडीचं सगळं दूध पिढ्यानपिढ्या खव्याच्या भट्टीला जायचं. तिथल्या म्हाताऱ्यांना, सुनांना, एकदा तर लग्नाच्या मांडवात वरबापालाही तिने फॅट म्हणजे काय आणि दर कसा निघतो ते समजावलं होतं. भट्टीवाल्याने स्वतः तिला खवा खाऊ घालून, बाई, आता पुरे करा, अशी विनवणी केली होती.

"सर, अजून कुणाशी बोलू? म्हशींशी?"

बलभीम सरही हसले, पण लगेच गंभीर झाले. ते कळंबचे. पंचवीस वर्षं दुधाच्या धंद्यात, आणि खोटं बोलताना कान लाल व्हायचे. त्यांचे कान लाल झाले होते.

त्यांनी सरळ सांगायचं ठरवलं असावं, कारण त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला. मनुष्यबळ विभागाने मॅनेजरांना एक पान पाठवलं होतं म्हणे. त्यात बेल कर्व्ह हा शब्द उच्चारू नये, समितीवर ढकलू नये, आकडा स्वतःचा म्हणून सांगावा, असं बजावलं होतं. "आकडा माझाच हाय, कारण शेवटी सही माझी हाय," ते म्हणाले. "पण तो कसा आला ते तुम्हाला कळलं पाहिजे. न्हायतर तुम्ही उगंच वर्षभर तुमचं काय चुकलं ते शोधत बसाल."

सोलापूरला सगळे एरिया मॅनेजर आणि विभागाचे साहेब बसले होते. भिंतीवर वीस जणांची नावं. त्यातल्या दोघांनाच पाच, चौघांना चार, अकरा जणांना तीन आणि उरलेल्या तिघांना त्याहून कमी, असं आधीच ठरलेलं. माणसं कशीही निघोत, आकड्यांची रेघ घंटेच्या आकाराचीच यायला हवी; हाच तो बेल कर्व्ह. आपापल्या माणसांना सगळ्यांनीच हात सैल सोडून आकडे दिले होते. चारमध्ये सात नावं झाली आणि जागा चार. मग तिघांना खाली उतरवायचं. त्यासाठी एकेकाचा अर्ज उघडून वाचला गेला.

"मी तुम्हाला चारच दिले होते," सर म्हणाले. "तुमचं काम तीनचं न्हाय. दुसऱ्यांशेजारी ठेवून बघितल्यावर तुमच्या वाट्याला तीन आलाय. कुणाला कोणता आला ते मात्र विचारू नका, ते मला सांगता येत न्हाय."

विचारायची गरज नव्हती. बाहेर पाण्याचा आवाज थांबला होता. रणधीरला कालच आकडा कळला होता आणि कालपासून तो मंजुषाच्या नजरेला नजर देत नव्हता.

"मग मीच का उतरले?" मंजुषाने विचारलं. "वडिलांच्या वेळी सुट्टी घेतली म्हणून?"

"न्हाय. सुट्टीचा शब्द कुणी काढला न्हाय, काढला असता तर मी सोडला नसता." सरांनी चहाचा कप फिरवला. "तुमचीच एक ओळ वाचली गेली."

वर्षातली मोठी कामगिरी लिहायच्या चौकटीत बाकीच्यांनी मी केलं, मी वाढवलं, मी आणलं असं लिहिलं होतं. मंजुषाने लिहिलं होतं : वाडीचं संकलन केंद्र डिसेंबरात सुरू झालं. मी तेव्हा वडिलांच्या दिवसकार्याला गावी होते. केंद्र रणधीर यांनी सुरू केलं, टेम्पोवाले हरिबा यांनी पहिल्या आठवड्यात वाट वाकडी करून दूध आणलं, आणि वाडीतल्या धोंडीबा आजोबांनी पहिली किटली घातली म्हणून बाकीची वाडी आली. त्यांचे आभार.

साहेबांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, मग या बाईंनी काय केलं?

बलभीम सर तिथे बराच वेळ बोलले होते. वर्षभराच्या चकरा, बैठका, सगळं सांगितलं. पण कागदावर तिच्याच हाताने दुसऱ्यांची नावं होती. "त्या ओळीला माझ्यापाशी उत्तर न्हवतं, ताई. मूल्यमापनाच्या अर्जात आभार कोण मानतं?"

कोण मानतं ते मंजुषाला माहीत होतं.

धुळाप्पा सायकलवर किटल्या अडकवून लोहाऱ्याला दूध घालायचे. संध्याकाळी ताटावर बसले की पहिल्या घासाआधी आज कुणाकुणाचा हात लागला ते सांगायचे. चढावर अमक्याने सायकल ढकलली. तमक्याने किटली धुवायला पाणी दिलं. त्याशिवाय जेवणाला सुरुवात व्हायची नाही. लहानपणी मंजुषाला भूक लागलेली असायची आणि त्या नावांचा राग यायचा. अर्ज भरताना वडिलांना जाऊन दोन-तीन महिने झाले होते. त्या रिकाम्या चौकटीसमोर तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

सरांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज खाली आणला. अजून एक रस्ता होता. आकडा अमान्य करता यायचा. कारण दिलं तर साहेबांना ते पुन्हा उघडावंच लागतं.

"लिहा, की केंद्राची सगळी तयारी माझी होती, रणधीर फक्त तिथं हजर होता. मी खाली दुजोरा देतो. ह्यात खोटं काय हाय? निम्मं तर खरंच हाय."

निम्मं खरंच होतं. मंजुषाच्या डोळ्यांसमोर माकणीचं केंद्र उभं राहिलं, आणि संध्याकाळी म्हशींच्या दाव्याशी एकटी वाकलेली आई. दुसरं निम्मंही तिला आठवलं. धोंडीबा आजोबा अडून बसले होते, पोरीनं शब्द दिलाय, पोर आल्यावर बघू. तोवर वाडीची भट्टीवाल्याशी वर्षाची बोली झाली असती. रणधीर थंडीत रोज पहाटे त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला. ताईच्या घरी दुःख झालंय, तिच्या जागी मला धरा, एवढंच म्हणत राहिला. चौथ्या पहाटे म्हाताऱ्याने स्वतः किटली उचलली. हे रणधीरने तिला कधी सांगितलं नव्हतं. धोंडीबांनी सांगितलं होतं, डोळे पुसत, ती परत आल्यावर.

"नको सर," ती म्हणाली. "तो हजर होता, म्हणूनच झालं."

"मग माकणी गेली यंदा."

"प्रमुखाची गेली." ती म्हणाली. "माकणीच्या दुधाच्या रूटवर माणूस लागतोय ना? माझ्याच पदावर. त्या बदलीला काय लागतं?"

सरांनी कप खाली ठेवला. बढती पदरात पडली नाही तरी आहे त्याच पदावर त्याच केंद्रात जायला कुणी तयार होईल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. "तीन चालतो," ते सावकाश म्हणाले. "पण ताई, तिथं नवा प्रमुख येईल, तुमच्याहून लहान असेल. आणि पगारवाढ तीनचीच. आणि ही वाडी सोडावी लागेल."

वाडीचं नाव निघताच मंजुषाने चहाचा घोट घेतला. थंड झाला होता.

"वाडी रणधीरला ओळखते," ती म्हणाली. "त्यालाच द्या."

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि ‘मान्य’वर बोट ठेवलं. खाली कर्मचाऱ्याच्या अभिप्रायाची चौकट होती. तिने माकणीच्या बदलीची विनंती लिहिली. मग लिहिलं, आकडा कसा आला ते मला खरं सांगितल्याबद्दल बलभीम सरांचे आभार.

"अहो, माझं नाव कशाला घालता? अजून शिकला न्हाय का तुम्ही?"

"तुम्हाला काय होतंय?"

"आम्हालाही घंटेतच बसवतात, ताई. मला तीनच आलाय." सर असं म्हणाले आणि मग दोघंही हसत सुटले, इतकं की रणधीरने दार थोडं उघडून आत पाहिलं. रडारड चालली असेल असं वाटून तो पाण्याचा ग्लास घेऊन आला होता. सरांनी संवादकौशल्याची ओळ खोडली आणि तिथे लिहिलं, सुधारणेसाठी : स्वतःचे नावही लिहावे. ते पुढचं पान उघडायला पुरलं.

रणधीर ग्लास धरून तसाच उभा होता; पाणी बंद करून त्याने बाहेरून बरंच ऐकलं होतं. "ताई, मला ठाऊक नव्हतं ती ओळ अशी..."

"पाणी दे," मंजुषा म्हणाली. "आणि उद्या वाडीला माझ्याबरोबर चल. धोंडीबांना सांगायचंय. मी एकटीनं सांगितलं तर किटली फेकून मारतील."

संध्याकाळी तिने आईला फोन लावला. बदलीचं सांगितलं. आकड्याचंही सांगितलं, पण त्यातलं सिताबाईला फारसं उमगलं नाही आणि तिने ते तसंच सोडून दिलं. म्हशीला वैरण टाकल्याचा आवाज आला, आणि मग धुळाप्पा गेल्यापासून त्या घरात न निघालेली गोष्ट आईने विचारली.

"कुणाकुणाचा हात लागला गं?"

मंजुषाने नावं घेतली. रणधीर. हरिबा. धोंडीबा आजोबा. बलभीम सर.

"बलभीम म्हंजी कुठला?"

"कळंबचे."

"माकणीला आला की जेवायला आण त्याला," सिताबाई म्हणाली. "आन् तू जेव आता."