भैरोबाची भांडी

मंगल कार्यालयाला कुलूप होतं.

जप्तीला गेलेल्या बेलिफाला पहिल्या खेपेला कुलूपच दिसतं. मी अहवाल लिहिला, कोर्टाकडून कुलूप तोडायची परवानगी आणि पोलीस मिळायला पावसाळा गेला. वसुलीची दरखास्त अंबूताई लोखंडेंची. हुकूमनामा त्यांच्या बाजूने झालेला, अपील फेटाळलेलं. दोन लग्नसराया त्यांनी बबनराव खरमाट्यांच्या मंगल कार्यालयात स्वयंपाक केला आणि बबनरावांनी मजुरी दिली नाही. देता येत नव्हती असं नाही. द्यायची नव्हती.

दरम्यान अंबूताईंचा उजवा खांदा गेला. मोठं पातेलं आता उचलवत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय.

"पैसे आले की करते," त्या म्हणाल्या. त्या हे दर तारखेला म्हणायच्या.

*

दुसरी खेप. पोलीस आहे, लोहार आहे, टेम्पो आहे. टेम्पोचं भाडं अंबूताईंनी आगाऊ भरलं. जप्तीचा खर्च आधी जिंकलेल्याच्या खिशातून जातो, वसूल झालाच तर परत मिळतो.

पंच नाहीत. शेजारच्या दुकानदाराला विचारलं, तर त्याने मलाच उलट विचारलं.

"काशीदभाऊ, बबनरावाच्या दारात पंच म्हणून सही कोण करणार? पोरीचं लग्न तिथंच लावायचंय मला."

"सही फक्त जे दिसतंय त्याची."

"मला काही दिसत नाही. मोतीबिंदू आहे."

शेवटी परगावचे दोन द्राक्षव्यापारी चहाला थांबलेले, ते आले.

*

आणि बबनराव, खुर्चीत, पाय हलवत.

"भांडी न्यायची? भांडी जप्त होत नाहीत. कायदा वाचा."

"घरात रोज रांधायची भांडी होत नाहीत, बबनराव. ही धंद्याची आहेत. पाचशे पानाचं पातेलं घरी कशाला लागतं तुम्हाला?"

"माझीच नाहीत मुळात. नाव बघा."

बघितलं. पातेली, पराती, डाव, झारे, पाण्याचे पिंप, सगळ्यांवर ठोकून नाव घातलेलं: श्री भैरोबा देवस्थान. अक्षरं चकचकीत. पहिल्या खेपेनंतर नावं ठोकायला कासाराला बराच वेळ मिळाला होता.

"ही तर मीच घासायची," अंबूताई म्हणाल्या. "तेव्हा कुठं होतं भैरोबाचं नाव?"

"तुझं लक्ष चुलीत असायचं."

मी पंचनाम्यात दोघांचं म्हणणं लिहिलं. कोणाची भांडी ते मी ठरवत नाही. ताब्यात होती म्हणून जप्त केली आणि कोर्टाच्या कोठीत आणून टाकली.

*

मग देवस्थानाची हरकत आली. ट्रस्टचा अध्यक्ष बबनरावांचा चुलतभाऊ शिवदास. शपथपत्र: भांडी देवस्थानाची, कैक वर्षांपासूनची. सोबत बबनरावांचंही: मी फक्त वापरतो, मालक भैरोबा.

अंबूताईंचे वकील म्हणाले, चौकशी लावू, कासाराला साक्षीला बोलावू. तारीख पडेल. मग पुन्हा तारीख. त्यावर अपील.

कोर्टाच्या व्हरांड्यात अंबूताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. खांदा दुखत होता की कंटाळा आला होता, सांगता येत नव्हतं. दोन्ही असेल.

"वकीलसाहेब, तो म्हणतोय ना देवाची?"

"म्हणतोय."

"शपथेवर?"

"शपथेवर."

"मग देवाला देऊन टाका."

"अहो ताई, मग तुमच्या हातात काय राहतं?"

"आत्ता काय आहे? फक्त कार्यालयात नाही पोचवायची. देवळात पोचवायची. सगळ्या ट्रस्टींसमोर, पावतीवर. एवढं लिहून घ्या."

वकिलांनी लिहून घेतलं. कोर्टाने जप्ती उठवली. हरकतदार देवस्थान, तेव्हा ताबाही देवस्थानाला, देवळात. शिवदास गोंधळला, पण आपलंच मागणं मान्य झालेला माणूस हरकत कशी घेणार.

*

देऊळ. रविवार. भैरोबाचा वार, त्यामुळे माणसं.

टेम्पोतून एकेक पातेलं उतरलं. गुरवाने, तुकाकाकाने, सगळ्यात मोठ्या पातेल्याला हळदकुंकू लावलं. भांडी सभामंडपात मांडली. शिवदास म्हणाला, आता तात्पुरती कार्यालयात ठेवू. तुकाकाका पुढच्या पातेल्याला कुंकू लावू लागला. बाकीचे ट्रस्टी आले होते, ते मात्र भांडी मोजत होते आणि एकमेकांकडे बघत होते.

"शिवदास, कैक वर्षांपासून देवाची?"

"हो... म्हणजे..."

"बबन प्रत्येक लग्नाला भांड्यांचं भाडं वेगळं लावतो. माझ्या दोन्ही पोरांच्या लग्नात लावलं."

"माझ्या बहिणीच्या लग्नात एक पळी हरवली, तिचेही कापले."

"देवाच्या पळीचे."

"तो पैसा देवळात किती आला?"

शिवदासाने मोबाइल काढला आणि त्यात बघत राहिला.

मी पावती घेतली आणि निघालो. माझं काम झालं होतं. अंबूताईंच्या पदरात तेव्हाही काही नव्हतं.

*

पण गाव फिरलं. गाव फिरतं तेव्हा आवाज होत नाही. चहाच्या टपरीवर कोणी बबनरावांना "बसा" म्हणेना. देवळाने भाड्याच्या हिशेबाची नोटीस दिली. भांडी गेल्यामुळे बबनरावांना ती शेजारच्या गावातून आणावी लागली, तिथला मंडपवाला हणमंत हसत भाडं घ्यायचा.

अंबूताईंनी आता जागेची जप्ती मागितली. अख्ख्या कार्यालयाची नाही. पैसे फिटतील एवढंच विकायचं असतं. मागचा जेवणाचा हॉल वेगळ्या मिळकत नंबरावर होता, तेवढाच पुरे होता. हलगी वाजवून मी जप्ती पुकारली, दारावर हुकूम चिकटवला: विकू नये, गहाण टाकू नये. या वेळी पंच गावातलेच मिळाले. मोतीबिंदूवाला पहिला.

*

लिलावाचं कसं असतं सांगतो. गावात शेजाऱ्याच्या वस्तूवर कोणी बोली लावत नाही. कोर्टाचे नाझरसाहेब पुकारतात, आम्ही पुन्हा पुकारतो, माणसं चपलांकडे बघतात, लिलाव तहकूब. मी असे किती बघितले. बबनरावही त्याच भरवशावर होते. अंबूताईंनी स्वतः बोली लावायची कोर्टाची परवानगी घेतली नव्हती. हॉल घेऊन करू काय, म्हणाल्या.

त्या दिवशी हणमंत आला.

"पहिली बोली माझी."

बबनराव ताडकन उठले. "हण्या, तू? माझ्या हॉलवर?"

"देवाची भांडी भाड्यानं देणाऱ्याच्या हॉलवर, काका. चौथा हिस्सा लगेच भरायचा ना, साहेब? आणलाय."

दुसऱ्या कोणीतरी वाढवली. हणमंताने पुन्हा वाढवली. नाझरांनी एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं.

बबनराव परत बाकावर बसले. मग हात वर केला, पण तो बोलीसाठी नव्हता. गाडीतून पिशवी मागवली. हुकूमनाम्याची रक्कम, व्याज, खर्च, सगळं. म्हणजे तयारी होतीच त्यांची. इतकी वर्षं होती.

बोली पक्की व्हायच्या आत पैसे हजर केले की विक्री थांबवावी लागते. नाझरांनी थांबवली. हणमंत म्हणाला, "छान, आमचं पेट्रोल गेलं," आणि गेला.

अंबूताई पुढं आल्या. डावा हात पुढं केला, उजवा उचलवत नव्हता.

"ताई, तुमच्या हातात नाही देता येत," मी म्हणालो. "कोर्टात भरायचे. मग तुमचा अर्ज, मग हुकूम, मग मिळतील."

"किती दिवस?"

"साहेब रजेवर नसतील तर लवकर."

त्यांनी हात मागे घेतला. जिथं बबनराव बसले होते त्याच बाकावर, थोडं अंतर ठेवून, त्या बसल्या. दोघंही समोर बघत होते. बबनराव म्हणाले, "खांद्याला काय झालं?"

"तुमची पातेली," त्या म्हणाल्या, आणि वकिलांना अर्जाचा कागद कुठं मिळतो ते विचारायला उठल्या.