डावा डोळा

घड्याळवाल्याच्या उजव्या डोळ्यावर भिंग असायचं आणि डावा मिटलेला. सकाळी शटर वर गेलं की डावा बंद, रात्री शटर खाली आलं की उघडा. धंद्यात त्या डोळ्याला कामच नव्हतं. फुकट जेवणारा पाहुणा, असं तो स्वतःच त्याला म्हणायचा.

साखरेचा आजार जुना होता. गोळ्या घ्यायचा, कधी विसरायचा. दवाखान्यातली नर्स दरवर्षी सांगायची, थेंब घालून डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. तो विचारायचा, "थेंब घातल्यावर काम करता येईल?"

"जवळचं धूसर दिसेल काही तास. आजचा दिवस विसरा."

मग तो उठायचा. दिवस विसरायला तो काय सरकारी साहेब होता?

"केसाएवढी स्प्रिंग बसवतो मी," तो बायकोला सांगायचा. "माझे डोळे कोण तपासणार?"

"मीच तपासते. खुर्चीवरचा ओला टॉवेल दिसतोय का? सकाळपासून नाही दिसला. हे बघा, आंधळेच आहात."

शेजारच्या चष्मेवाल्याकडे मात्र तो अधूनमधून जायचा. चहा पिता पिता, दोन्ही डोळे उघडे ठेवून, तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचायचा. झाली तपासणी. स्वतःला शहाणं समजणारा माणूस असाच मरतो, मारायला कुणी लागत नाही.

एका दुपारी एक मनगटी घड्याळ उघडून बसला होता. भिंगात काळा धागा तरंगला. त्याने भिंग पुसलं. धागा तिथेच. पुन्हा पुसलं. डोळा फिरवला की धागाही फिरायचा. बघता बघता एकाचे दहा झाले आणि मग नुसता धूर. भिंग काढलं तरी धूर जाईना.

त्याने उजवा डोळा हाताने झाकला आणि कित्येक वर्षांनी नुसत्या डाव्याने दुकान पाहिलं. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा मध्येच वाकलेला होता. त्याला गिऱ्हाइकांची लाज वाटली. घड्याळवाल्याच्याच दुकानात वाकडा काटा. त्याने घड्याळ उतरवलं, काच काढली, काट्यावरून हळूच बोट फिरवलं.

काटा सरळ होता.

तो ते घड्याळ मांडीवर घेऊन बसून राहिला. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

थेंब शेवटी घातलेच. डॉक्टरीणबाईंनी डोक्याला दिवा लावून दोन्ही डोळ्यांत निरखून पाहिलं.

"काका, धूर नाही, रक्त आहे. साखर जास्त राहिली की पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. कुठे फुगतात, कुठे झिरपतात, कुठे बंद पडतात. रक्त कमी पोचलं की पडद्यावर नव्या वाहिन्या उगवतात. त्या फार नाजूक. उजव्यात त्यातलीच एक फुटली. डाव्यात मधोमध पाणी झिरपून सूज आलीय, म्हणून काटा वाकडा दिसतो."

"दुखलं कसं नाही?"

"पडदा दुखत नाही."

"मी शेवटची ओळ वाचायचो."

"चांगला डोळा वाईटाचंही वाचून टाकतो. आणि तक्ता फक्त मधलं सांगतो. कडेला काय चाललंय ते थेंबांनी बाहुली मोठी केल्याशिवाय मलाही नीट दिसत नाही. दरवर्षी आला असतात तर हे लवकर सापडलं असतं."

"काम करता येईल?"

"रक्त हळूहळू ओसरेल, नाहीतर ऑपरेशन. डाव्यात इंजेक्शनं, दोन्हीकडे लेझर. उरलंय ते राखायचा प्रयत्न करू. भिंगाचं आत्ता काही सांगत नाही."

बायको बाहेर बाकावर होती. तिने उठून त्याचा हात धरला. ओल्या टॉवेलचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

दुकानात आता धाकटा भाऊ बसतो. साखर त्यालाही आहे. घड्याळवाला कोपऱ्यात स्टुलावर बसून टिकटिक ऐकतो. कुठलं घड्याळ मागे पडतंय ते नुसतं ऐकून सांगतो. रक्त थोडं निवळलंय. भिंग त्याने अजून लावून पाहिलेलं नाही.

"थेंब घालून आलास?" त्याने एका सकाळी विचारलं.

"दादा, मला स्वच्छ दिसतंय. आज दोन घड्याळं द्यायचीत."

घड्याळवाला स्टुलावरून उठला. चाचपडत दारापर्यंत गेला आणि शटरला हात घातला. एक गिऱ्हाईक अर्ध्या शटरखाली वाकून म्हणालं, "काय हो, भर सकाळी बंद?"

"बंद."

"दादा, उद्या जातो ना."

"भिंग काढ."

भावाने काढलं. दवाखान्यात नर्सने त्याच्या डोळ्यांत थेंब घातले. "झोंबतंय," तो म्हणाला.

"झोंबू दे."

दोघे बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. घड्याळवाल्याने उजवा डोळा झाकून पाहिलं. काटा थोडा वाकलेला होता. या वेळी तो उठून बोट लावायला गेला नाही.