सातवी स्लाइड

परीक्षा उद्यावर आली होती आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडम एका विद्यार्थिनीची एकच ईमेल तिसऱ्यांदा वाचत होत्या.

"मॅडम, सातव्या स्लाइडवर लिहिलंय, 'लिंक्ड लिस्टमध्ये नवा घटक घालायला स्थिर वेळ लागतो.' म्हणजे एकाला एक जोडलेल्या घटकांची यादी कितीही लांब असली तरी तेवढाच. यात जागा शोधायचा वेळ धरलाय का? मधे घालायचा तर पहिल्यापासून एकेक घटक ओलांडत तिथपर्यंत जावं लागेल ना?"

'जागा सापडल्यावर' हे मॅडम बारा वर्षं तोंडाने सांगत आल्या होत्या, स्लाइडवर मात्र कधी लिहिलंच नव्हतं. ही मुलगी आजारी होती, त्या तासाला नव्हती. आणि उद्याच्या पेपरात नेमका हाच प्रश्न होता.

त्या येरझाऱ्या घालू लागल्या.

"अहो, तिला उत्तर देऊन मोकळ्या व्हा," शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले.

"तिलाच दिलं तर पेपर फोडल्यासारखं होईल, नाही दिलं तर तिचे गुण मी खाल्ले."

शेवटी त्यांनी सगळ्या वर्गाला लिहिलं, "जागा माहीत असेल तर स्थिर वेळ. शोधावी लागली तर यादी जितकी लांब, तितका जास्त. चूक माझ्या स्लाइडची आहे."

ईमेल गेली, तरी मॅडम खुर्चीत टेकेनात. इतक्या वर्षांत स्लाइडवरचं हेच वाक्य जसंच्या तसं लिहिणाऱ्यांच्या उत्तरांवर आपण किती लाल रेघा ओढल्या, ते त्यांना आठवत होतं.